कळकलेले ताक आणि भांड्याची कल्हई

मराठीत ‘कळकणे’ असे एक क्रियापद आहे. आपल्या पिढीच्या तोंडी ते क्वचितच येते. पण घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या कोणाही बाईला विचारा, ती लगेच अर्थ सांगेल. ताक नासले, आमटी आंबली, भात विटला, हे सगळे निराळे. आणि ताक कळकले हे निराळे. नासणे, आंबणे ही जंतूंची करणी. कळकणे ही भांड्याची करणी. तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला की त्याला एक तुरट, जिभेला चरचरणारी, मळमळ आणणारी चव येते. भांड्याच्या कडेला हिरवट थर धरतो, त्याला कळंक म्हणतात. एका विशिष्ट धातूमुळे अन्न बिघडते यासाठी भाषेने वेगळे क्रियापद राखून ठेवावे, यावरूनच ही गोष्ट स्वयंपाकघरात किती नित्याची असेल याची कल्पना यावी. स्टीलची भांडी आली आणि शब्दाचे काम संपले.

आता मात्र तांब्याची भांडी परत येऊ लागली आहेत. कोणी हौसेने नवी घेतो, कोणी माळ्यावरचे आजीचे पातेले खाली काढतो. ते चिंच लावून घासले की असे लखलखते की त्यात लगेच आमटी टाकावीशी वाटते. इथेच थांबायला हवे. स्वयंपाकाच्या तांब्याच्या भांड्याची बाहेरची बाजू लाल असावी, आतली मात्र पांढरट करडी असावी. आतून जितके लाल दिसेल तितके ते भांडे स्वयंपाकाला निकामी. हे असे का, आणि कल्हई गेली हे ओळखायचे कसे, एवढ्याच दोन प्रश्नांसाठी हा लेख आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी असल्याने रसायनशास्त्र बेताचेच सांगेन.

तांबे हा तसा शांत धातू. लोखंडासारखा तो पाण्याने गंजून खपल्या धरत नाही. चिंचेच्या किंवा ताकाच्या सौम्य आम्लातही तो केवळ आम्लामुळे विरघळत नाही. त्याला हवेची, म्हणजे हवेतल्या प्राणवायूची जोड लागते. हवा तांब्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा पातळ थर धरते, आम्ल तो थर विरघळवते, खाली नवे तांबे उघडे पडते, त्याला पुन्हा हवा लागते. असे हे चक्र चालू राहते. म्हणूनच कळंक सर्वांत आधी कुठे दिसतो, तर पदार्थाच्या वरच्या कडेला. जिथे आंबट रस, हवा आणि तांबे तिघांची गाठ पडते तिथे. भांड्याच्या आत हिरवी रेघ दिसली तर आदल्या रात्री ताक कुठवर होते ते तिच्यावरून सांगता येते.

यातून आणखी एक गोष्ट कळते. उकळत्या आमटीत हवा फारशी विरघळलेली नसते आणि शिजण्याचा वेळही थोडा असतो. खरे नुकसान होते ते अन्न त्याच भांड्यात रात्रभर राहू दिल्याने. जुन्या बायका शिजवलेले लगेच दुसऱ्या भांड्यात काढून ठेवीत. त्यामागचे रसायन त्यांना कोणी शिकवले नव्हते, पण शिस्त अचूक होती.

थोडे तांबे शरीराला हवेच असते, ते धान्या-कडधान्यांतून मिळते. जास्त झाले की पोट ते ठेवून घेत नाही; मळमळते, उलटी होते, पोटात कळा येतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. मोठ्या माणसाला चवच सावध करते, कारण कळकलेले ताक कोणी पेलाभर पीत नाही. ज्याला चव सांगता येत नाही, त्याचे काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या पुण्यातच सापडले, आणि ते दुःखद आहे. लहान मुलांचे यकृत निबर होऊन त्यांचा जीव घेणारा एक आजार भारतात फार वर्षे होता. वैद्यकीय पुस्तकांत त्याचे नावच ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असे होते. साधारण सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुले त्याला बळी पडत आणि बहुतेक वाचत नसत. अशा मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण भलतेच वाढलेले आढळे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. टॅनर यांच्यासह या मुलांच्या घरचे खाणेपिणे तपासले. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी मांडले की, या बाळांना अंगावरच्या दुधाऐवजी लवकरच वरचे दूध सुरू केलेले असते आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले असते.

दूध तर आंबट नसते, मग त्यात तांबे कसे उतरते? दुधातले केसीन नावाचे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. पाण्यात उतरले असते त्यापेक्षा कितीतरी जास्त तांबे दूध आपल्यात सामावून घेते, आणि चवीत ते चटकन जाणवत नाही. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रण, त्यामुळे पितळेची गोष्टही तीच. त्या भांड्यातले दूध प्यालेले प्रत्येक बाळ आजारी पडत नसे. काही मुलांत जन्मजात प्रवृत्तीही असावी असे मानले जाते. परंतु पुढे घरोघरची दुधाची भांडी बदलली, तशी बाळांना तांबे लागण्याची वाट बंद झाली आणि हा आजार जवळजवळ नाहीसाच झाला. कल्हई ही निव्वळ टापटिपीची बाब नाही, हे मला या एका हकीकतीने जितके पटले तितके दुसऱ्या कशानेही पटले नसते.

आता कल्हई म्हणजे काय ते पाहू. हा शब्द अरबीतून आला. तिकडे कथलालाच ‘कलई’ म्हणतात. कल्हई म्हणजे भांड्याच्या आतून दिलेले कथलाचे अस्तर. कथील हा मऊ, रुपेरी धातू. अन्नातल्या सौम्य आम्लाला तो पुष्कळ दाद देत नाही आणि जो थोडा उतरतो तो त्या प्रमाणात शरीराला बाधत नाही. तो तांब्यावर रंगासारखा नुसता चिकटलेला नसतो. वितळलेले कथील तापलेल्या तांब्याला लागले की दोघांच्या सीमेवर दोन्ही धातूंचा मिळून एक अगदी पातळ थर तयार होतो. म्हणून चांगल्या कल्हईचे पापुद्रे निघत नाहीत. ती जाते ती झिजून जाते, किंवा वितळून जाते.

झिजण्याचे कारण कथलाचा मऊपणा. राखेने आणि काथ्याने घासलेली कल्हई बरीच टिकते; तारेच्या घासणीने ती पाहता पाहता उतरते. लोखंडी उलथने तळाशी खरवडले तर ओरखडे पडतात. लाकडी डाव वापरला की हे टळते.

वितळण्याचे कारण मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तांबे वितळायला हजाराच्या वर अंश लागतात, त्यामुळे भांडे धडधाकट दिसते आणि आतले अस्तर पाघळलेले असते. भांड्यात पाणी, दूध, आमटी काहीही पातळ असेल तोवर उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही, म्हणून कल्हईला धोका नाही. धोका आहे तो रिकामे भांडे चुलीवर ठेवण्याचा, त्यात काही कोरडे भाजण्याचा आणि फोडणीचा. मोहरी तडतडेपर्यंत तापलेले तेल त्या आकड्याच्या जवळ पोचू लागते आणि धूर निघू लागला की ते त्याच्या जवळपास किंवा पलीकडेही गेलेले असते. फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत करून वरून ओतण्याची जी पद्धत आहे, तिने चव साधते की नाही यावर वाद होऊ शकेल, पण कल्हई नक्की वाचते. गॅसची ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊन बाजूंना चाटत असेल, तर रसाच्या पातळीवरची कोरडी बाजूही अशीच तापते.

आता ओळखण्याकडे येतो. इथे बहुतेकांची फसगत दोन्ही बाजूंनी होते. कल्हई काळवंडली की ती गेली असे समजून चांगले भांडे टाकून देणारे आहेत, आणि बाहेरून चकचकीत आहे म्हणून आतून लाल झालेल्या भांड्यात सार उकळणारेही आहेत. नवी कल्हई आरशासारखी असते, हे खरे. पण कांदा, लसूण यांतल्या गंधकाने आणि रोजच्या वापराने ती करडी, मग गडद करडी होते. हा डाग कथलाचाच असतो आणि तो निरुपद्रवी असतो. चकाकीसाठी तो खरवडून काढणे म्हणजे आपल्या हाताने अस्तर उतरवणे. पाहायचे ते एवढेच: तांबे कुठे दिसते आहे का?

अडचण अशी की उघडे पडलेले तांबेही नेहमी लाल दिसत नाही. त्यावर काळपट तपकिरी थर धरतो आणि मग तो डाग कथलाचा की तांब्याचा हे नजरेने सांगता येत नाही. यावर सोपी परीक्षा चिंचेची. भिजवलेल्या चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ त्या डागावर बोटाने मिनिटभर चोळावे, धुवावे, पुसावे आणि उजेडात पाहावे. डाग गुलाबी-लाल झाला तर ते तांबे. करडा किंवा पांढरट राहिला तर कथील अजून तिथे आहे. घरात करता येण्याजोगी याहून खात्रीची परीक्षा मला माहीत नाही.

आमच्या घरच्या पातेल्याचे उदाहरण देतो. ते साधारण पाच लिटरचे, जाड पत्र्याचे, गौरीच्या जेवणाला आणि घरात पंगत असेल तेव्हा काढले जाणारे. मागच्या सुट्टीत ते मी खिडकीशी नेऊन नीट पाहिले. तळ सगळा काळसर करडा होता, आणि आईला तोच बिघडलेला वाटत होता. काठाखाली चार बोटांवर सगळीकडून एक पुसट तपकिरी पट्टा होता. बाजूला दोन लांब ओरखडे होते. तळाच्या एका अंगाला चकाकणारे, टाचणीच्या डोक्याएवढे तीन-चार थेंब गोठलेले होते आणि त्यांच्या शेजारी एक फिकट तपकिरी ठिपका होता.

चिंच चोळल्यावर चित्र उलटे निघाले. काळसर तळ तसाच करडा राहिला. म्हणजे तिथली कल्हई शाबूत. ओरखडे केसासारखे बारीक लाल उमटले. पट्टा मात्र तुकड्यातुकड्यांनी गुलाबी झाला. पदार्थाची कड वर्षानुवर्षे तिथेच येत असणार आणि घासतानाही जोर तिथेच पडत असणार. थेंबांजवळचा ठिपका रुपयाएवढा लाल निघाला. कथील वितळून जागचे हलले आणि थेंब होऊन बाजूला गोठले, ही भांडे कधीतरी कोरडे तापल्याची खूण होय.

यातले काय चालेल आणि काय नाही? नुसते ओरखडे असते तर मी ते पातेले खुशाल वापरले असते. कथील आणि तांबे एकमेकांना लागून आंबट रसात असले की आधी कथील विरघळू लागते, त्यामुळे बारीक उघड्या रेषेला शेजारचे कथील काही अंशी सांभाळून घेते. उघडी जागा मोठी झाली की हा आधार अपुरा पडतो. शिवाय या सांभाळण्यातच शेजारचे कथील खर्ची पडते आणि डाग पसरत जातो. म्हणून जाणकारांचा ढोबळ हिशेब असा आहे की सगळ्या उघड्या जागा मिळून एखाद्या मोठ्या नाण्याएवढ्या भरल्या, की कल्हई करून घ्यावी. आमच्या पातेल्यात एकटा ठिपकाच तेवढा होता आणि पट्टा त्याहून पुष्कळ मोठा. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यांचे पदार्थ करायचे असतील तर या हिशेबातही सैलपणा नको, आणि बाळाचे दूध तर तांब्या-पितळेत, कल्हई असो वा नसो, ठेवूच नये. आज त्याची गरजही नाही. वर्षातून एकदा की दोन वर्षांतून एकदा, असा ठरीव नियम मी मुद्दामच देत नाही. रोज वापरातले भांडे काही महिन्यांत लाल होईल, सणासुदीचे भांडे कित्येक वर्षे जाईल. भांडे स्वतःच सांगते.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासूनची तांबटांची वस्ती. त्या बाजूच्या एका कल्हईवाल्या चाचांकडे मी पातेले नेले आणि तिथेच उभा राहिलो. कामाला अर्धा तास लागला असेल, त्यातला बराचसा वेळ नुसत्या सफाईत गेला. जुना मळ, तेलकटपणा, काळेपणा पूर्ण निघाल्याशिवाय कथील धरत नाही. मग कोळशाच्या भट्टीवर, भात्याच्या वाऱ्यात पातेले सांडशीने धरून फिरवत तापवले. पुरेसे तापले की आत नवसागराची पूड टाकली. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर निघाला. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने ते फुटते आणि त्यातून निघणारे आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकते. त्या क्षणी तांबे अगदी नितळ असते. तेवढ्यात चाचांनी कथलाची कांडी आत टेकवली, ती मेणासारखी पाघळली, आणि कापसाच्या बोळ्याने त्यांनी ती तळापासून काठापर्यंत एका हाताने पसरवीत नेली. लाल रंगावर पांढरा रंग चढत जाताना दिसतो, आणि हे सगळे मिनिटा-दीड मिनिटाचे काम. शेवटी भांडे गार पाण्यात.

मी त्यांना विचारले, “चाचा, काम वाईट झाले तर कसे ओळखायचे?” ते म्हणाले, “आधी काळे ठिपके बघ. जिथे सफाई राहिली तिथे कल्हई बसत नाही. मग बोट फिरव. गाठी लागल्या तर माल जास्त, हात कमी.” मग स्वतःच पातेले उजेडाकडे तिरपे करून आतून दाखवले.

कामापेक्षा मालाची काळजी जास्त घ्यावी लागते. कथील महाग, शिसे त्याच्या मानाने अगदी स्वस्त. दोन्ही वितळायला सोपी, दिसायला सारखी. त्यामुळे कथलात शिसे मिसळण्याचा मोह होतो. शिसे हे विष आहे. ते चवीला कळत नाही, शरीरात साठत जाते आणि मुलांच्या मेंदूला इजा करते. तांब्यापासून वाचण्यासाठी शिशाचे अस्तर लावून घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. भांड्यावर चढल्यानंतर हे घरी ओळखता येत नाही, म्हणून कांडीच पाहायची. शुद्ध कथलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली तर ती कुरकुरते, जणू आतून काही तुटते आहे. शिसे मुकाट वाकते. शिशाचा तुकडा कागदावर ओढला तर पेन्सिलीसारखी करडी रेघ सहज उमटते. आणि त्याच आकाराचे शिसे कथलाच्या दीडपट भरते. चाचांनी कांडी न मागता हातात दिली. मी ती वाकवली तेव्हा आवाज आला. अर्थात थोडीशी भेसळ या परीक्षेतून निसटू शकते. पूर्ण खात्री प्रयोगशाळेतच होते, म्हणून ओळखीचा, जुना कारागीर बरा.

घरी आणल्यावर पातेले साबणाने धुतले, कारण नवसागराचा खारट अंश कोपऱ्यात राहतो. मग पाणी भरून उकळले आणि ते पाणी टाकून दिले. त्यानंतर पातेले वापरात आले.

राहता राहिला पाण्याचा हंडा. त्याला कल्हई का करत नाहीत, असे कोणीही विचारील. साध्या पाण्यात आम्ल नसल्यासारखेच असते आणि केसीनही नसते, त्यामुळे रात्रभरात उतरणारे तांबे सहसा फार थोडे असते. मात्र त्याच हंड्यात किंवा तांब्याच्या बाटलीत लिंबाचे सरबत, ताक, आमसुलाचे पाणी भरले, की तो पाण्याचा हंडा राहिला नाही. मग त्याला पातेल्याचेच सगळे नियम लागू.